पॉडकास्टचे भाडे: तास, आकडे आणि जुने भाग

बारामतीत दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ मेगाहर्ट्झवर लागते आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' ९०.८ मेगाहर्ट्झवर. अशा केंद्रांच्या प्रक्षेपणाला आपल्याकडे साधारणपणे १०० वॅटची मर्यादा असते आणि अँटेनाही ३० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही. त्यातून या लहरी जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात. त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज खरखरू लागतो आणि पुढे नाहीसा होतो. इंदापूर बारामतीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. नीरा डावा कालवा दोन्ही तालुक्यांना पाणी देतो, पण बारामतीचा आवाज काही त्याच्याबरोबर इंदापूरपर्यंत वाहत जात नाही.

ही अडचण ओळखून इंदापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिका आणि बारामतीत महाविद्यालयात शिकणारे त्यांचे काही माजी विद्यार्थी यांनी २०२२ सालच्या जूनमध्ये एक पॉडकास्ट सुरू केले. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली ध्वनिमुद्रणांची मालिका. ती हवी तेव्हा ऐकता येते आणि नवा भाग आला की श्रोत्याच्या फोनवरील ॲपला आपोआप कळतो. बारा मिनिटांचा एक भाग, शाळा चालू असेल त्या आठवड्यांत दर शुक्रवारी. विषय घराजवळचे: उजनीच्या फुगवट्याचे पाणी कसे मोजतात, भिगवणला रोहित पक्षी काय खातात, उसाच्या पानावर तांबडे ठिपके का पडतात. दोन-अडीच वर्षांत ८६ भाग झाले. मग मोफत योजना पुरेना, तेव्हा मॅडमनी तीन-चार कंपन्यांच्या भाड्याचे तक्ते मला पाठवले आणि विचारले, "सर, यातले कुठले घ्यावे?"

माझा व्यवसाय मोजमापाचा आहे, ध्वनिमुद्रणाचा नाही. तरीही ते तक्ते मी वाचले, आणि पुढे जे घडले त्यातही थोडाफार गुंतलो. या योजनांविषयी माझे जे मत बनले ते शिक्षकांपुढे ठेवतो, कारण आता अनेक शाळा या वाटेने निघाल्या आहेत.

बहुतेक तक्त्यांत तीन कलमे असतात: महिन्याला किती तासांचे ध्वनिमुद्रण चढवता येईल, श्रोत्यांची आकडेवारी किती खोलात जाऊन दाखवली जाईल, आणि जुने भाग दुसरीकडून आणता येतील काय. पहिली दोन कलमे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. तिसऱ्यासमोर नुसती बरोबरची खूण असते. शाळेच्या दृष्टीने ही मांडणी उलटी आहे असे माझे म्हणणे आहे.

तासांचा हिशोब

पहिले कलम त्यातल्या त्यात सोपे. भाषणासाठी एकमार्गी एमपी३ स्वरूपात सेकंदाला ६४ किलोबिट इतका दर पुरतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट. बारा मिनिटांच्या ७२० सेकंदांना त्याने गुणले की ५७,६०,००० बाइट होतात, म्हणजे पावणेसहा मेगाबाइटच्या आसपास. ८६ भाग मिळून ४९५ मेगाबाइट. आज कोणत्याही साध्या फोनमध्ये याच्या कितीतरी पट जागा रिकामी असते.

तेव्हा 'तास' हे परिमाण कंपनीच्या खर्चातून आलेले नाही हे लक्षात येईल. तासभर ध्वनिमुद्रण ६४ किलोबिटने केले तर २९ मेगाबाइट होते, १२८ किलोबिटने केले तर ५८. पण तासांवर भाडे घेणाऱ्या योजनेत दोन्हींना सारखेच पैसे पडतात. काही कंपन्या तासांऐवजी दरमहा चढवलेल्या मेगाबाइटवर पैसे घेत आल्या आहेत. २००४ साली सुरू झालेली लिबसिन ही या धंद्यातली अगदी जुनी कंपनी त्याच पद्धतीने वाढली. ट्रान्झिस्टरसारख्या काही नव्या कंपन्या कितीही भाग चढवू देतात आणि महिन्यात किती वेळा ते उतरवले गेले त्यावर भाडे ठरवतात. शाळेचे श्रोते शेकड्यांत मोजावे इतकेच असतात, त्यामुळे ही तिसरी पद्धत शाळेला कागदावर उदार वाटते. मात्र तिचे सर्वांत लहान भाडेही शाळेच्या गरजेपेक्षा फार मोठ्या आकड्यासाठी आकारलेले असते.

आता आपली मालिका घ्या. महिन्यात चार किंवा पाच शुक्रवार, म्हणजे ४८ ते ६० मिनिटे. महिन्याला तीन तासांची योजना सहज पुरेल, आणि न वापरलेले दोन तास महिनाअखेरीस वाया जातील. ते पुढे ओढता येत नाहीत. पण जुने ८६ भाग म्हणजे १७ तास १२ मिनिटे. तेही त्याच तीन तासांत मोजले जाणार असतील, तर दर महिन्याला उरलेल्या दोन तासांतून ते आणायला नऊ महिने लागतील. म्हणून तक्ता वाचताना पहिला प्रश्न विचारावा तो असा: जुने भाग आणताना ते मासिक तासांत धरता की नाही? पुष्कळ कंपन्या धरत नाहीत, कारण गिऱ्हाईक आणायचे तर त्याचे सामानही आणू द्यावे लागते. पण ही सवलत आपोआप आणण्याच्या सोयीपुरती असते. तेच भाग तुम्ही हाताने एकेक करून चढवले तर ते नवे समजले जातात. हा फरक पुढे महाग पडला, फक्त पैशांत नव्हे.

मोफत योजनांबद्दल एकच सांगून पुढे जातो. काही मोफत योजनांत भाग नव्वद दिवसांनी उतरवला जातो. सामुदायिक रेडिओच्या नियमांतही प्रसारित कार्यक्रमाची प्रत तीन महिने जपण्याचेच बंधन आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटला. रेडिओला तेवढे पुरते. कारण तक्रार आली तर काय बोलले गेले हे तपासण्यासाठी ती प्रत असते. शाळेला मात्र उजनीवरचा भाग पुढच्या वर्षीच्या नववीलाही ऐकवायचा असतो.

एक श्रोता म्हणजे काय?

दुसरे कलम आकडेवारीचे. येथे जरा थांबू, कारण येथे विज्ञानाच्या शिक्षकाला ओळखीचा प्रश्न भेटतो: उपकरण नेमके काय मोजते?

ध्वनिफीत ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याला फक्त मागणी दिसते. कुठल्या तरी पत्त्यावरून अमुक फाइल मागितली गेली, मागणाऱ्या ॲपने आपली ओळख एका ओळीत सांगितली, आणि इतके बाइट पाठवले, एवढीच त्याची नोंद. फाइल पोहोचल्यावर ती कोणी ऐकली की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही. कितीतरी ॲप रात्री वायफायवर पूर्ण भाग उतरवून ठेवतात आणि मालक तो कधीच उघडत नाही.

या नोंदींवरून 'एक डाउनलोड' कसा ठरवावा याचे नियम अमेरिकेतील इंटरॅक्टिव्ह ॲडव्हर्टायझिंग ब्युरो या संस्थेने केले आहेत. त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली. संस्था जाहिरात व्यवसायाची, हे विसरू नये. नियमांचा गाभा असा: निदान एक मिनिटाचा आवाज पोहोचला पाहिजे, आमच्या मालिकेत ते ४,८०,००० बाइट झाले. एकाच पत्त्यावरून, ओळखीची तीच ओळ सांगून, चोवीस तासांत तोच भाग कितीही वेळा मागितला तरी तो एकदाच धरायचा. आणि यंत्रांनी केलेल्या ज्ञात मागण्या वगळायच्या. जाहिरातदाराला वाढीव आकडा दाखवला जाऊ नये म्हणून केलेले हे नियम आहेत आणि त्या कामाला ते चांगले आहेत.

पण आपल्या वसतिगृहाला ते लावून पाहा. तिथे एकच वायफाय असते आणि बाहेरच्या जगाला त्या सगळ्या फोनांचा मिळून बहुधा एकच पत्ता दिसतो. दहा मुलींकडे एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे फोन आणि एकच ॲप असेल तर त्यांची ओळखीची ओळही सारखीच येते. दहाजणींनी ऐकले, नोंद झाली एकीची. उलट एखाद्या मुलाने सकाळी घरच्या वायफायवर अर्धा भाग ऐकला आणि बसमध्ये मोबाइलच्या जोडणीवर उरलेला मागवला, तर पत्ता बदलला म्हणून तो दोनदा मोजला जाईल. मॅडम वर्गात एक फोन स्पीकरला जोडून त्रेचाळीस मुलांना ऐकवतात ती नोंद एकच. आणि आपल्याकडे सर्वांत जास्त जे घडते, म्हणजे ती फाइल व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणे, त्याची नोंद कुठेच होत नाही. थोडक्यात, हा आकडा खऱ्या श्रोत्यांपेक्षा कमी आहे की जास्त, हेसुद्धा ठामपणे सांगता येत नाही.

महागड्या योजनांत यावर आणखी थर चढवलेले असतात: गावनिहाय नकाशा, फोनचा प्रकार, ॲपचे नाव, तासागणिक आलेख. गावनिहाय नकाशासाठी शाळेने पैसे मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पत्त्यावरून ठिकाण ओळखताना मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या शहरातून बाहेर पडते ते शहर दिसण्याचा संभव मोठा असतो. निमगाव केतकीचा श्रोता पुण्याचा किंवा मुंबईचा म्हणून दिसला तर नवल नाही. आमच्या मालिकेच्या नकाशावर मुंबईचे वर्तुळ सर्वांत मोठे होते, आणि मुलांना त्याचा केवढा अभिमान! मी त्यांना ते कारण सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे पडले, हेही सांगायला हवे.

शिक्षकाला खरोखर उपयोगी पडेल असा आकडा एकच आहे: ऐकणारा किती मिनिटांनी उठून गेला? तो भाड्याने जागा देणाऱ्या कंपनीकडे नसतो, कारण तो फक्त ॲपला दिसतो. ॲपल पॉडकास्ट्स आणि स्पॉटिफाय आपापल्या श्रोत्यांपुरता हा आलेख निर्मात्याला दाखवतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि तुम्ही भाड्याची कोणती योजना घेतली आहे याच्याशी त्याचा संबंधही नसतो. म्हणजे 'सखोल आकडेवारी' या नावाखाली जे विकले जाते त्यातला सर्वांत खोल भाग दुसरीकडे फुकट मिळतो.

तरीही एका कामासाठी मला तपशीलवार आकडेवारी लागली, आणि ती नसती तर आम्ही फसलोच असतो.

१,१३१ ची गोष्ट

मॅडमच्या विद्यार्थ्यांनी शेवटी एक योजना निवडली. तिच्यात तासांची मर्यादा नव्हती, म्हणून त्यांनी जुने भाग आणण्याची आपोआप सोय बाजूला ठेवली आणि सर्व फाइली उतरवून नव्या जागी हाताने चढवल्या. शनिवार-रविवार दोन दिवस चारजण खपत होते. त्यानंतर त्यांनी जुन्या जागेवर 'आता इकडे या' अशी पाटी लावली. बुधवारी मॅडमचा फोन आला. एरवी आठवड्याला साठ-सत्तर डाउनलोड होत. तीन दिवसांत १,१३१ झाले होते. मुख्याध्यापकांनी हा आकडा एका निधीच्या अर्जात घालायला सांगितले होते आणि अर्ज शुक्रवारी जायचा होता.

मी त्यांच्याकडून भागनिहाय आकडे मागवले. ८६ पैकी ७४ भागांना प्रत्येकी १३ डाउनलोड होते, ११ भागांना १४ आणि एकाला १५. बेरीज बरोबर १,१३१.

ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी येथे वही घ्यावी. एखादी गोष्ट एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांनी घडत असेल आणि सरासरी १३ असेल, तर निरनिराळ्या भागांचे आकडे सरासरीभोवती साधारण १३ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे ३.६ इतके विखुरलेले असतात. किरणोत्सर्गाच्या मोजणीत हाच नियम आपण वापरतो. तसे असते तर काही भाग ७-८ वर आणि काही १९-२० वर दिसायला हवे होते. शिवाय माणसांना आवडीनिवडी असतात, त्यामुळे विखुरणे याहूनही जास्तच असायला हवे. पूर्वीच्या आकड्यांत रोहित पक्ष्यांचा भाग सत्तरच्या घरात आणि 'मोजमापातील चुका' हा भाग नऊवर होता (हा विषय मीच सुचवला होता). नव्या आकड्यांचे विखुरणे मात्र भरले ०.४. इतके एकसारखे तर घाणीतून निघालेले लाकडी खेळणेही नसते. यामागे माणसे नव्हती, हे एवढ्यावरूनच उघड होते. तासागणिक आलेखाने ते पक्के केले: बहुतेक सगळी मागणी पाटी लावल्यानंतरच्या काही तासांत, आणि मागणारी ॲप तीच ती.

झाले होते ते असे. पॉडकास्टचा कणा म्हणजे फीड नावाची एक साधी मजकुराची फाइल. फोनवरचे ॲप अधूनमधून ती वाचते. आमच्या फीडमधली एका भागाची नोंद अशी होती:

```
<item>
  <title>भाग १४: उजनीचे पाणी</title>
  <guid isPermaLink="false">ujani-2023-014</guid>
  <enclosure url="https://example.com/audio/014.mp3"
             length="5760000" type="audio/mpeg"/>
</item>
```

(पत्ता येथे बदलून लिहिला आहे.) `enclosure` मध्ये फाइल कुठे आहे आणि किती बाइटची आहे हे येते, बारा मिनिटांचा आपला आकडा तेथे दिसेल. पण महत्त्वाची ओळ `guid` ची. तो त्या भागाचा हजेरीपटावरचा क्रमांक समजा. भागाचे नाव बदलले, फाइल दुसऱ्या जागी नेली, तरी `guid` तोच असेल तर ॲप म्हणते, हा मला माहीत आहे, हा ऐकून झाला आहे. `guid` बदलला तर तोच आवाज असूनही ॲपच्या दृष्टीने तो नवा भाग ठरतो.

मुलांनी हाताने चढवलेल्या प्रत्येक भागाला नव्या कंपनीने नवा `guid` दिला आणि तारीखही त्या दिवसाची टाकली. पाटीमुळे वर्गणीदार श्रोत्यांचे फोन नव्या फीडवर आले आणि त्यांना एकदम ८६ नवे भाग दिसले. ज्या तेरा फोनांवर 'नवा भाग आपोआप उतरवा' हे बटण चालू होते त्यांनी ते सगळे मुकाट्याने उतरवले. ८६ गुणिले १३ म्हणजे १,११८. वरचे १३ कदाचित खरे श्रोते असतील. त्या तेराजणांचा प्रत्येकी जवळपास अर्धा गिगाबाइट डेटा गेला. त्यांच्यापैकी दोघांनी वैतागून वर्गणी बंद केली हे नंतर कळले. डाउनलोडवर भाडे घेणारी योजना असती तर हे फसवे आकडे शाळेच्या खिशालाही लागले असते.

अर्जातला आकडा मॅडमनी त्याच दिवशी काढून टाकला. मुख्याध्यापकांना ते फारसे रुचले नाही.

सामान कसे हलवायचे

आता दुरुस्ती. मूळ `guid` फक्त एकाच ठिकाणी उरले होते: जुन्या कंपनीच्या फीडमध्ये. आणि ते खाते बंद व्हायला चार दिवस होते, कारण मुलांनी ते रद्द करण्याची विनंती आधीच देऊन टाकली होती. फीडची प्रत कोणी ठेवली नव्हती. सुदैवाने रद्द करण्याची विनंती मागे घेता आली. मग आम्ही पाटी काढली, नव्या जागेचे ८६ भाग पुसले आणि जे पहिल्यांदाच करायचे ते केले.

प्रथम जुने फीड आणि सर्व ध्वनिफिती स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतल्या. फीड ही मजकुराची फाइल असल्याने ती ब्राउझरमध्ये उघडून जतन करता येते, आणि ८६ भागांचे फीड काही शे किलोबाइटपेक्षा मोठे नसते. जुन्या आकडेवारीची फाइलही उतरवली, कारण भाग नव्या घरी येतात पण जुने आकडे सहसा येत नाहीत. त्यानंतर नव्या कंपनीच्या 'आयात करा' या सोयीला जुन्या फीडचा पत्ता दिला. ही सोय फीड वाचते, ध्वनिफिती स्वतः ओढून घेते आणि `guid` व तारखा जशाच्या तशा ठेवते. निदान ठेवायला हव्यात, म्हणून तपासावे.

तपासताना तीन ठिकाणी गोंधळ होऊ शकतो. एक, काही कंपन्या फीडमध्ये फक्त शेवटचे ५० किंवा १०० भाग दाखवतात. तसे असेल तर आयातही तेवढीच होते आणि सुरुवातीचे भाग कोणाच्या लक्षात न येता मागे राहतात. म्हणून भाग मोजावेत. आमचे ८६ भरले. दुसरे, काही फीडवर कुलूप असते. फीडमध्ये `<podcast:locked>yes</podcast:locked>` अशी ओळ असेल तर नवी कंपनी आयात नाकारू शकते. जुन्या खात्यात जाऊन ते आधी काढावे लागते. तिसरी अडचण शाळांची खास आहे. आयात करणारा खरा मालक आहे काय हे पाहण्यासाठी नवी कंपनी फीडमध्ये नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावर संकेतांक पाठवू शकते. तो पत्ता बदली होऊन गेलेल्या शिक्षकांचा असला तर सगळे काम अडते. आमच्या फीडमध्ये तो एका विद्यार्थ्याचा होता. तो आता नाशिकला शिकतो, पण त्याने फोन उचलला.

भाग आल्यावर पाच-सहा भागांचे `guid` आणि बाइटची संख्या जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. सगळे जुळल्यावरच जुन्या जागेवर पुन्हा पाटी लावली. पाटीचा तांत्रिक मजकूर एवढाच असतो:

```
HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://example.org/feed.xml
```

३०१ हा क्रमांक 'कायमचे स्थलांतर' असे सांगतो आणि ॲप आपल्या वहीत पत्ता बदलून घेते. जोडीला नव्या फीडमध्ये `<itunes:new-feed-url>` ही ओळही ठेवली. ॲपलचा सल्ला ही पाटी किमान चार आठवडे ठेवावी असा आहे. मला ते कमी वाटते. शाळेचा श्रोता दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ॲप उघडत नाही. त्याच्या फोनला पाटी दिसायच्या आत ती काढली गेली तर तो कायमचा जुन्या पत्त्यावर उभा राहतो आणि त्याला वाटते की मालिका बंद पडली. आम्ही जुने खाते सहा महिने ठेवले. जुनी योजना मोफत असल्याने ते परवडले. पण मोफत खात्याला अशी पाटी लावू देणे कंपनीवर बंधनकारक नसते, आणि काही कंपन्या ती सोय पैसे भरणाऱ्यांनाच देतात किंवा देतच नाहीत.

म्हणूनच मी तिसऱ्या कलमाला पहिले स्थान देतो. तक्त्यात 'जुने भाग आणता येतात' असे लिहिलेले असते ते आत येण्याबद्दल. बाहेर पडताना काय, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारावे: आम्ही सोडून गेलो तर ३०१ ची पाटी लावू द्याल काय, किती दिवस, आणि तेवढ्या दिवसांचे भाडे पडेल काय? मॅडमनी हे तीन कंपन्यांना विचारले. दोघांनी त्याच दिवशी नेमके उत्तर दिले, तिसऱ्याने सवलतीचे कूपन पाठवले.

एक बारीक गोष्ट भाड्याविषयी. या कंपन्या बहुतांशी परदेशी आहेत आणि दरमहा कार्डावरून पैसे आपोआप वळते करतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीला ग्राहकाची वेगळी संमती नोंदवावी लागते, ती नसेल तर वसुली फेटाळली जाते. वसुली थांबली की काही काळाने फीड थांबते. ज्यांच्या कार्डावर हे चालते ते शिक्षक कोण आणि त्यांच्या निवृत्तीनंतर कोण, हे शाळेने आधी ठरवलेले बरे.

दुसऱ्या वेळच्या स्थलांतरानंतरच्या आठवड्यात ५८ डाउनलोड झाले. रोहित पक्ष्यांच्या भागाला सहा, उजनीच्या पाण्याला चार, बऱ्याच भागांना शून्य. मुले जरा हिरमुसली होती. मॅडमनी तो तक्ता नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिला आणि त्याशेजारी १३, १३, १४, १३ हा आधीचा तक्ता लिहून यातला खरा कोणता ते विचारले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने शून्ये असलेला तक्ता दाखवला. का, असे विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मोजमापातल्या चुकांचा भाग तेरा जण कशाला ऐकतील?"